देब्युसीने खरंच डॉमिनंट संपवला का?

धूनवेडा: १९१० मध्ये फ्रेंच संगीतकार देब्युसीचे पियानोचे प्रील्यूड आले आणि फंक्शनल हार्मनीचा खून झाला. त्यातला 'व्वाल' ऐका. होल-टोन, म्हणजे सारख्या पूर्णस्वराच्या अंतराने येणारे सहा स्वर, मध्ये थोडं पाच स्वरांचं पेंटाटॉनिक, पुन्हा होल-टोन. कुठे जायचंच नाही, नुसतं तरंगायचं. डॉमिनंट-टॉनिक, म्हणजे पाचव्या स्वराची घरच्या पहिल्या स्वराकडे जाण्याची ओढ, तिथेच संपलं.

स्वरपट्टी: हे तिसऱ्यांदा वाचतेय, म्हणून सविस्तर लिहिते. खून करायला आधी तो डॉमिनंट हातात तरी यायला हवा! सुरुवातीला दिशाहीन वाटतं, कारण त्या सहा स्वरांत अर्धस्वराचं अंतर कुठेच नाही. ओढ लावणारा लीडिंग टोन नाही, शुद्ध पंचम नाही, कुठलाही स्वर घर होऊ शकतो. इथवर मान्य. पण पाचव्या मात्रावलीपासून बासमध्ये बी फ्लॅट येऊन बसतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. वर डी आणि ए फ्लॅट आहेतच. म्हणजे बी फ्लॅटच्या डॉमिनंट सेव्हन्थचा सांगाडा तयार, फक्त पंचम गायब. ४२व्या मात्रावलीला पाच फ्लॅट लागतात आणि ई फ्लॅट मायनरची पेंटाटॉनिक, नुसत्या काळ्या पट्ट्यांची, उसळते. ही पाच-एक नाही तर काय? ओढ आहे, फक्त तिच्यावर झिरझिरीत पडदा आहे.

हार्मोनियमवाले काका: यात नवीन काय? काळ्या पाच पट्ट्या म्हणजे आपला भूप. आमच्याकडे कधीपासून वाजतोय.

उलटा_ताल: काका, सा कुठला धरता त्यावर आहे ते. जी फ्लॅट धरला तर भूप. ई फ्लॅट धरला तर धानीचे स्वर. आणि खाली बी फ्लॅट अखंड वाजतोय, त्यालाच सा मानलं तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. माझा मुद्दाही तोच आहे. स्वरपट्टीताई, ई फ्लॅट आला खरा, पण त्याच्या पायाखाली बास गेलाच नाही. बास पाचव्यावरून पहिल्यावर उतरायला हवा होता. हा फार तर कॅडेन्शियल सिक्स-फोर, म्हणजे वर पहिल्याची कॉर्ड पण बास पाचव्यावरच, आणि त्याचाही निकाल लागत नाही. सहा मात्रावल्यांत खेळ आटोपतो आणि परत तोच होल-टोन. अपेक्षा तयार करून ती पुरी न करणं, यालाच मी दिशा कमकुवत होणं म्हणतो.

हार्मोनियमवाले काका: मालकंस? मालकंस नुसत्या पट्ट्यांनी होतो का? मींड कुठेय? आंदोलन कुठेय? आणि तुमच्या पियानोचा कोमल गंधार मालकंसाचा नव्हेच.

उलटा_ताल: राग वाजतो असं म्हटलेलंच नाही, स्वर म्हटलं. बाकी श्रुतीचं लेक्चर हार्मोनियमवाल्याकडून ऐकायचं म्हणजे कमाल आहे.

हार्मोनियमवाले काका: पेटीला नावं ठेवू नका! चाळीतल्या भजनापासून मैफलीपर्यंत पेटीनेच साथ केलीय.

डोंबिवली_लोकल: पेटीचं भांडण थांबवा हो. मी परीक्षेत हेच वाजवलं. परीक्षकांनी विचारलं, हे कोणत्या कीमध्ये आहे? मी म्हटलं, बी फ्लॅट. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मार्क काय पडले विचारू नका. तेव्हापासून देब्युसीवर राग आहे. त्यातच म्हणे त्याला 'इम्प्रेशनिस्ट' शब्दही आवडत नव्हता. मग आम्ही म्हणायचं काय?

स्वरपट्टी: तुमचं उत्तर इतकंही वाईट नव्हतं. उलटा_ताल, सिक्स-फोरचं ठीक आहे, घ्या, एक गुण तुम्हाला. पण निकाल न लागणारी डॉमिनंट वाग्नरने 'त्रिस्तान' या ऑपेरात आधीच करून ठेवली होती. १८६५ला रंगमंचावर आलं ते. मग देब्युसीला आरोपी का करायचं?

उलटा_ताल: कारण तिथे ओढ संपत नाही, वाढतच जाते. प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने सरकून पुढच्याला खेचतो. इथे डी आणि ए फ्लॅटचा तणाव आहे, पण तो तसा अर्ध्या स्वराने सुटण्यासाठी दोघांना लागणारे शेजारी ई फ्लॅट आणि जी. होल-टोनच्या त्या सहा स्वरांत दोन्ही नाहीत. पेंटाटॉनिकमध्ये ई फ्लॅट मिळतो, पण तिथे डी-ए फ्लॅटसारखा ट्रायटोनच उरत नाही, म्हणजे सुटायला काही नाही. एका खोलीत प्रश्न, दुसऱ्या खोलीत उत्तर, मधलं दार बंद.

धूनवेडा: म्हणजे मी म्हणत होतो तेच!

स्वरपट्टी: मुळीच नाही. त्याच माणसाच्या १९०४च्या 'लील ज्वायूझ' या पियानो रचनेत होल-टोनची रेलचेल आहे, तरी शेवट खणखणीत ए मेजरमध्ये. दोन्ही हत्यारं त्याच्या हातात होती. ज्याचा खून झाला, तो सहा वर्षांपूर्वी त्याच्याच घरी जेवत होता म्हणायचं का?

धूनवेडा: 'लील ज्वायूझ' आधीचं आहे, ताई. जेवून झाल्यावर खून झाला.

उलटा_ताल: बरं, 'व्वाल'च्या शेवटाचं काय? बी फ्लॅट थांबल्यावर सी आणि ई एवढेच उरतात. तुमचा केंद्रस्वर तिथे नाही.

स्वरपट्टी: पेडल दाबून धरा म्हणजे ऐकू येईल.

हार्मोनियमवाले काका: सी आणि ई म्हणजे सा आणि शुद्ध गंधार. बघा, शेवटी भूपावरच आला.