मॉड्यूलच्या प्रत्येक भागानंतर उजळणीच्या ओळी आणि प्रश्न: ठेवायचे की काढायचे?

लेखणी_नाशिक
आशाताईंसाठी लहान मुलांच्या अतिसारावरचं १८ मिनिटांचं ऑनलाइन मॉड्यूल नव्याने लिहिते आहे. भाग पाच: धोक्याची लक्षणं, ओआरएस तयार करणं, किती पाजायचं, झिंक आणि पुन्हा भेट. काम देणाऱ्या संस्थेची अट आहे की प्रत्येक भागाच्या शेवटी "आपण काय शिकलो" अशा दोन-तीन ओळी आणि एक प्रश्न हवाच. त्याने स्क्रिप्ट फुगते आणि ऐकणारीचं लक्ष उडतं असं मला वाटतं. तुम्ही काय कराल?

शब्दकात्री
ओळी सरळ काढा. मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्दांच्या वेगाने जातं. पाच ठिकाणी पस्तीस-पस्तीस शब्द घातले की दीड मिनिटाहून जास्त वेळ नुसत्या पुनरुक्तीत गेला. शिवाय एकच माहिती तीन जागी येते: मूळ भागात, उजळणीत आणि प्रश्नाच्या उत्तरात. उद्या गोळीची मात्रा बदलली तर तिन्ही जागी पुन्हा रेकॉर्डिंग करावं लागेल. त्यातली एक जागा हमखास सुटते, आणि मग एकाच मॉड्यूलमध्ये दोन मात्रा ऐकू येतात. प्रश्नही सगळे शेवटी घ्या. मधे प्रश्न आला की ओघ तुटतो.

अध्ययन_आराखडा
ओळींबद्दल तुमचं बरोबर आहे, प्रश्नांबद्दल नाही. कार्ल श्पुनार, नोवाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांचा २०१३चा प्रयोग नेमका याच गोष्टीवर होता. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर काहींना प्रश्न विचारले, काहींना तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचायला दिले. ज्यांना विचारलं त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त घेतली आणि शेवटच्या तुकड्यातलंही त्यांना जास्त आठवलं. तयार उत्तरं वाचणाऱ्यांना हा फायदा झाला नाही. आपल्या स्क्रिप्टमधली उजळणीची ओळ म्हणजे हे तयार उत्तर वाचणंच. प्रश्न शेवटी ढकलले तर मधला सगळा फायदा गेला.

रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगातला एक बारकावा कामाचा आहे. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र फिरलं: दुसऱ्यांदा वाचलेल्यांना साधारण ४२ टक्के आठवलं, स्वतःहून आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. उजळणीची ओळ संस्थेला आवडते ती यामुळेच. मॉड्यूल संपल्या संपल्या घेतलेल्या चाचणीत ती चांगली दिसते.

आता तुमचा दुसरा भाग घ्या. नेहमीच्या पद्धतीने ओळ अशी लिहिली जाते: "या भागात आपण ओआरएस कसं तयार करायचं, त्याला किती पाणी लागतं आणि ते किती वेळ चालतं हे शिकलो." यात माहिती शून्य आहे, फक्त विषयांची यादी आहे. त्याजागी असं लिहा:

"एका आईने काल सकाळी आठ वाजता द्रावण केलं. आज सकाळी दहाला तुम्ही गेलात तेव्हा भांड्यात अर्धं उरलेलं आहे. तिला काय सांगाल?"

मग थांबा. मग उत्तर: "ते ओतून टाकायला सांगा. चोवीस तास उलटून गेले. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असेल तर ते पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, नव्याने."

प्रश्न आधी, उजळणी नंतर. उजळणी हेच प्रश्नाचं उत्तर झालं की कात्रीसाहेबांचा तिसऱ्या जागेचा मुद्दाही मिटतो.

पास_नापास
आमच्या कारखान्यात सुरक्षेच्या मॉड्यूलला ८० टक्क्यांची अट आहे. एक जण सोडवतो आणि उत्तरांचा फोटो ग्रुपवर टाकतो, बाकीचे दहा मिनिटांत मोकळे. म्हणून सांगतो, प्रश्नांची पेढी मोठी ठेवा, पर्यायांचा क्रम बदलता ठेवा आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचं बटण उघडू देऊ नका. नाहीतर गुणांना काही अर्थ राहत नाही.

लेखणी_नाशिक
दादा, या प्रश्नांना गुणच नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा वेगळी होते. हे फक्त भागांच्या मधले प्रश्न आहेत.

पास_नापास
गुण नसतील तर कोण सोडवणार? आमच्याकडे तरी कुणी सोडवलं नसतं.

तालुका_प्रशिक्षक
मी वर्षानुवर्षं आशाताईंची प्रशिक्षणं घेते आहे. वरच्या प्रयोगांत बसलेले बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी होते, शांत खोलीत. आमच्याकडे चार-पाच जणी मिळून एका फोनवर बघतात, कुणाच्या मांडीवर मूल असतं, आणि नेट नसलं की आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओच चालतो. तिथे बटण दाबायचा प्रश्न उघडतच नाही. बटण आलंच तर ज्या ताईचा फोन ती दाबते आणि बाकीच्या बघत बसतात.

चुकल्यावर लाल फुली आणि "चूक!" असा आवाज आला की ती ताई पुढच्या वेळी तोंड उघडत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून माझं म्हणणं असं की निवेदनातच विचारा, उत्तर मोठ्याने बोलायला सांगा आणि मधे पुरेशी शांतता ठेवा. एकीने उत्तर दिलं की दुसरी तिला दुरुस्त करते. खरं शिकणं त्या बोलण्यात होतं. इथे पुढचं बटण अडवून ठेवणं तर नकोच.

ओआरएसच्या भागात तर प्रश्नापेक्षा कृती द्या: "पिशवीतलं पाकीट हातात घ्या. त्यावर किती पाणी लिहिलंय ते मोठ्याने वाचा." बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. आई दुकानातून ते छोटं पाकीट आणते आणि एक लिटर पाण्यात घालते. द्रावण अगदी पातळ होतं, त्यात क्षार पुरेसे राहत नाहीत. उलट मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर ते घातक इतकं खारट होतं. "एक पाकीट, एक लिटर" एवढंच पाठ करून घेणारी उजळणी इथे उलट चुकीकडे नेते.

अध्ययन_आराखडा
ताई, पाकिटाचा मुद्दा मान्य. माझ्या उत्तरात "लिहिलेलं असेल तर" हे आहे, पण आईसमोर बसलेल्या ताईला ते ऐकू येईलच असं नाही. वाचायला लावणं जास्त पक्कं.

गुण ठेवण्यावरून मात्र पास_नापास यांच्याशी माझं जमत नाही. आठवण्याचा प्रयत्न झाला की काम होतं, त्याची नोंद झाली नाही तरी चालतं.

पर्यायांबद्दल एक सावधगिरी. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं की बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्याय निवडला गेला की तोच पुढे बरोबर म्हणून आठवू शकतो. लगेच बरोबर उत्तर सांगितलं तर हा धोका बराच कमी होतो. झिंकवर असा प्रश्न मी बऱ्याच स्क्रिप्टमध्ये पाहतो: "झिंक किती दिवस द्यायचं? ३, ७, १०, १४." यातला ३, ७ आणि १० हा नुसता कचरा आहे, आणि आपण तो स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यात घालतो. खरी चूक निराळीच असते. चौथ्या दिवशी शौच नीट होते आणि आई गोळी थांबवते. मग तेच विचारा: "आई म्हणते, जुलाब थांबले, आता गोळी कशाला? तुम्ही काय सांगाल?" उत्तर: "जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे." पर्यायच नकोत.

शब्दकात्री
प्रसंग घालून विचारलेला प्रश्न चांगला आहे, हे मानतो. पण पाच भाग म्हणून पाच प्रश्न, हा साचा मला अजूनही पटत नाही. तिसरा भाग बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला दर जुलाबानंतर पाच चमचे, दोन महिने ते दोन वर्षं पाव ते अर्धा कप, त्यापुढे अर्धा ते एक कप. झिंकचंही तसंच, दोन ते सहा महिन्यांना १० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, सहा महिने ते पाच वर्षं २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. हे आठवायचं कशाला? तक्ता द्या, पिशवीत राहील. आठवणीवर विसंबून मात्रा दिली आणि चुकली तर त्याला जबाबदार आपला प्रश्न.

तालुका_प्रशिक्षक
हे अगदी खरं. मात्रेला तक्ता. पण पहिल्या भागाला तक्ता चालत नाही. मूल सुस्त आहे, पाणी पीत नाही, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसते, शौचात रक्त आहे, हे दारात उभं राहून ओळखावं लागतं. कागद काढेपर्यंत वेळ जातो. प्रश्न तिथे हवेत, आणि एकच नको.

अध्ययन_आराखडा
मग पहिल्या भागाचा प्रश्न लगेच न विचारता झिंकच्या भागानंतर पुन्हा विचारा. थोडं विसरायला झाल्यावर आठवणं जड जातं आणि तेच टिकतं. भाग संपल्या संपल्या विचारलं तर ताजं ऐकलेलं परत बोलून दाखवणं, एवढंच होतं.

शब्दकात्री
म्हणजे झिंकबद्दल ऐकत असलेल्या बाईला अचानक डोळे खोल गेल्याचं विचारायचं? माझ्या मते तिला वाटेल की व्हिडिओच बिघडला.

लेखणी_नाशिक
दोन्ही जमेल असं बघितलं. तिसऱ्या भागातली उजळणी आणि प्रश्न काढले, तिथे तक्त्याचा उल्लेख ठेवला. ओआरएसला पाकीट वाचायची कृती. पहिल्या भागाचा प्रश्न चौथ्यानंतर असा आणला:

"झिंक सुरू करून तुम्ही घरी आलात. दोन दिवसांनी त्याच घरून निरोप आला, बाळ उठवलं तरी डोळे उघडत नाही. आई विचारते, गोळी चालू ठेवू का? तिला पहिली गोष्ट कोणती सांगाल?"
(आठ सेकंद शांतता)
"हे धोक्याचं लक्षण आहे. वाट न बघता लगेच दवाखान्यात न्यायला सांगा."

आता संस्थेला "पाच भाग, पाच प्रश्न" ही अट सोडायला कसं पटवू? आणि आठ सेकंद पुरतील का?

तालुका_प्रशिक्षक
प्रसंग छान जमला आहे. "धोक्याचं लक्षण आहे" याआधी कोणतं ते ताईंना बोलू द्या, तुम्ही लगेच सांगू नका. आठ सेकंद एकटीला पुरतात. चौघींत चर्चा होते तिथे कमी पडतात. "व्हिडिओ थांबवा आणि एकमेकींना सांगा" असं निवेदनात म्हणा.

शब्दकात्री
आणि शांततेपुढे कंसात "कापू नये" असं ठळक लिहा. रेकॉर्डिंगनंतर संपादक मोकळी जागा दिसली की छाटतो. माझ्या एका मॉड्यूलमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यात एक सेकंदही उरला नव्हता.

अध्ययन_आराखडा
अटीबद्दल: संस्थेला दोन्ही आवृत्त्यांची छोटी चाचणी घ्यायला सांगा, पण मॉड्यूल संपल्यावर नको, आठवड्याने. त्या दिवशीच घेतली तर त्यांच्या उजळणीच्या ओळी जिंकतील आणि तुमचं म्हणणं तिथेच संपेल. आठवड्याने त्याच ताईंना पुन्हा गाठता येईल का, हे मात्र तालुक्यातलेच सांगू शकतील.