ग्रीन टी, काढा आणि पुरावा : वजन नक्की कशाने उतरले?

बकुळ :
गेले तीन महिने मी दूध-साखरेचा चहा सोडून दिवसातून तीन वेळा ग्रीन टी घेते आहे आणि माझे वजन दोन किलोंनी उतरले आहे. घरी पावसाळ्यापासून सर्वांना रोज सकाळी तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी आणि गुळवेल यांचा काढा दिला जातो. ऑफिसमधील मैत्रीण म्हणते की ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तर फरक आणखी लवकर दिसेल. वजन आणि प्रतिकारशक्ती या दोन्हींबाबत यातल्या कशाला खरोखर पुरावा आहे?

तिसरा प्रहर :
पुरावा आहे आणि तो जपानमधील चाचण्यांचा आहे. ग्रीन टीमधील कॅटेचिन आणि कॅफीन यांच्यामुळे शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो, चरबी अधिक जळते आणि त्यामुळे वजन उतरते. तुमचे दोन किलो हे त्याचेच उदाहरण आहे. कॅप्सूलमध्ये हेच द्रव्य अधिक प्रमाणात असते, तेव्हा मैत्रिणीचे म्हणणे मला तर्कशुद्ध वाटते. जे नैसर्गिक पानातून आले आहे ते थोडे जास्त घेतल्याने बिघडण्यासारखे काही नाही.

दीपमाळ :
मी काही वर्षे औषधांच्या चाचण्यांचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिसरा प्रहर यांनी सांगितलेली यंत्रणा खोटी नाही. कॅटेचिन आणि कॅफीन एकत्र दिले असता ऊर्जाखर्चात काही तासांपुरती लहानशी वाढ मोजता येते, परंतु ती वाढ तीन महिन्यांनी वजनकाट्यावर दिसते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्रणेवरून काढता येत नाही.

ते उत्तर कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या 2012 सालच्या समीक्षेत शोधले गेले. जादा वजनाच्या प्रौढांवरील, बारा-तेरा आठवडे चाललेल्या चाचण्या तिथे एकत्र पाहिल्या आहेत. जपानबाहेरच्या सहा चाचण्यांची सरासरी काढली तेव्हा ग्रीन टीचे पदार्थ घेणारे आणि न घेणारे यांच्या वजनात 0.04 किलोचा, म्हणजे 40 ग्रॅमचा फरक निघाला. भरपेट पाणी प्यायल्यावर काटा याहून जास्त हलतो. जपानमधील आठ चाचण्यांत 0.2 पासून 3.5 किलोंपर्यंत फरक दिसला, पण त्या चाचण्या एकमेकींहून इतक्या निराळ्या होत्या की त्यांची सरासरी काढणे समीक्षकांनी योग्य मानले नाही. जपानी आकडे निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलून तो सर्वांना लागू करणे चुकीचे आहे.

मग बकुळताईंचे दोन किलो आले कुठून? त्यांच्याच प्रश्नात उत्तर आहे, असे मला वाटते. घरच्या एका कप चहात साधारण 75 मिलिलिटर दूध आणि दोन चमचे साखर धरू. दुधाचे सुमारे 50 आणि दहा ग्रॅम साखरेचे 40, असे मिळून 90 किलोकॅलरी होतात. ताई पूर्वीही तीनच कप घेत असतील, तर तीन कपांचे 270 आणि 84 दिवसांचे जवळजवळ 22,700 किलोकॅलरी होतात. शरीरातील एक किलो चरबीमागे ढोबळमानाने 7,700 किलोकॅलरी धरतात, म्हणजे कागदावर हा हिशोब तीन किलोंच्या आत-बाहेर येतो. प्रत्यक्षात माणूस थोडे दुसरीकडे खातो आणि शरीरही खर्च आटोपते घेते, त्यामुळे उतरण कमी होते. तेव्हा दोन किलो पूर्णपणे या बदलातून येऊ शकतात. त्यांनी तीन कप बिनसाखरेचा कोरा चहा घेतला असता तरी बहुधा हेच झाले असते. ग्रीन टी चालू ठेवावा की नाही याचे उत्तर म्हणूनच सोपे आहे: तो आवडत असेल आणि त्यामुळे साखरेचा चहा दूर राहत असेल, तर जरूर घ्यावा. जेवणाच्या वेळी मात्र टाळावा, कारण त्यातील द्रव्ये अन्नातील लोहाचे शोषण घटवतात आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्यांना ते परवडत नाही.

कॅप्सूलच्या बाबतीत मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. ताई, मैत्रिणीकडच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते पाहून सांगाल का?

सोनकी :
मी स्वतः अनुभव घेतला आहे, म्हणून सर्वांना कळकळीने सांगते की काढा घेऊच नये. दोन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी मी घरी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला आणि बरे वाटते म्हणून तीन महिने दिवसातून दोनदा घेत राहिले. पायांवर सूज येऊ लागली, जिने चढताना मांड्यांत त्राण उरत नसे आणि रक्तदाब, जो कधीच वाढलेला नव्हता, तो 160 च्या वर गेला. तपासणीत पोटॅशियम कमी निघाले. पहिल्या दवाखान्यात गोळ्या वाढवल्या गेल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी घरगुती काय काय घेता असे विचारले, तेव्हा कुठे उलगडा झाला. काढा बंद केल्यावर काही आठवड्यांत सर्व पूर्ववत झाले.

ओवरी :
सोनकीताई, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, पण तो ज्येष्ठमधाचा आहे आणि बकुळताईंच्या काढ्यात ज्येष्ठमध नाही. मी वैद्यकी करते, म्हणून मला हे वेगळे करून सांगणे भाग आहे. 'काढा' हे एका औषधाचे नाव नाही; ती औषध तयार करण्याची रीत आहे. तुळशीचा काढा आणि ज्येष्ठमधाचा काढा यांना एकच समजून चांगले किंवा वाईट ठरवणे हे सर्व गोळ्यांना एकच गोळी समजण्यासारखे आहे.

आयुष मंत्रालयाने 2020 साली जे मिश्रण सुचवले त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक भाग होती. त्यात गुळवेल नव्हती. घरोघरी ती नंतर मिसळली गेली. पुराव्याचे म्हणाल, तर तुळशीवर दिल्लीच्या एम्समध्ये 24 निरोगी व्यक्तींवर नियंत्रित चाचणी झाली आहे. चार आठवडे अर्क घेतल्यावर त्यांच्या रक्तातील प्रतिकारपेशी आणि इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकारशक्तीचा संदेशवाहक रेणू यांच्यात वाढ दिसली. तेव्हा काढ्याला पुरावाच नाही असे कोणी म्हणू नये.

दीपमाळ :
ती चाचणी मलाही ठाऊक आहे आणि ती काळजीपूर्वक केलेली आहे. पण तिने मोजले काय, ते पाहायला हवे. रक्तातील एक पेशीगट किंवा एक रेणू वाढला, एवढे तिने दाखवले. त्या 24 जणांना त्या वर्षी सर्दी कमी झाली का, हे तिने मोजलेच नाही, आणि इतक्या कमी माणसांत चार आठवड्यांत ते मोजताही आले नसते. शिवाय तिथे कॅप्सूलमधून अल्कोहोलात काढलेला अर्क दिला होता. पाण्यात उकळलेल्या चार पानांत तीच द्रव्ये त्याच प्रमाणात उतरतात असे गृहीत धरता येत नाही.

प्रतिकारशक्ती ही पातेल्यातील पाण्यासारखी एका पातळीने मोजण्याची वस्तू नाही. तिचा एक भाग वाढणे नेहमी हिताचेच असते असेही नाही. संधिवाताच्या काही प्रकारांत आणि थायरॉइडच्या काही आजारांत तीच शक्ती स्वतःच्या शरीरावर उलटलेली असते. म्हणून 'वाढवते' या शब्दापुढे मी नेहमी विचारतो की आजारपण किती घटले.

ग्रीन टीच्या बाबतीत हे मोजण्याचा प्रयत्न झाला आहे. जपानमध्ये सुमारे 200 आरोग्यकर्मचाऱ्यांना पाच महिने कॅटेचिन आणि चहातीलच थिॲनिन यांच्या किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल दिल्या गेल्या. लक्षणांवरून ठरवलेला फ्लू कॅटेचिनच्या गटात 4 जणांना आणि पोकळ कॅप्सूलच्या गटात 13 जणांना झाला. हा फरक लक्षणीय आहे आणि मी तो दडवणार नाही. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूपुरते पाहिले तर आकडे इतके लहान उरले की फरक निर्णायक ठरला नाही. पुढे शाळकरी मुलांवर ग्रीन टीच्या गुळण्यांची मोठी चाचणी झाली, तिच्यात साध्या पाण्याच्या गुळण्यांपेक्षा खात्रीशीर लाभ आढळला नाही. मी याला शक्यता म्हणेन, सिद्धता म्हणणार नाही.

बकुळ :
बाटली पाहिली. एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम अर्क असून त्यात 50 टक्के ईजीसीजी आहे, असे लिहिले आहे. दिवसातून दोन घ्याव्यात अशी सूचना आहे, पण मैत्रीण लवकर गुण यावा म्हणून चार घेते, त्याही सकाळी उपाशीपोटी.

दीपमाळ :
ईजीसीजी म्हणजे ग्रीन टीतील मुख्य कॅटेचिन. मग हिशोब करून पाहा. 500 चे 50 टक्के म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 250 मिलिग्रॅम ईजीसीजी, आणि चार कॅप्सूलमध्ये 1,000. कपात भिजवलेल्या ग्रीन टीतून ते साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम मिळते, म्हणजे मैत्रीण रोज निदान दहा कपांचा ऐवज एका घोटात, तोही रिकाम्या पोटी घेते आहे, जेव्हा त्याचे शोषण सर्वांत जास्त होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली असे म्हटले की पूरक पदार्थांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम वाढलेली आढळतात, जी यकृताला इजा होत असल्याची खूण असू शकते. अमेरिकेत मिनेसोटा येथे रजोनिवृत्त स्त्रियांना वर्षभर रोज 843 मिलिग्रॅम दिले गेले, तेव्हा सुमारे पाच टक्के स्त्रियांत एएलटी हे यकृताचे एन्झाइम वाढले. पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. आणि ज्या वजनासाठी हा धोका पत्करायचा, ते त्या वर्षात जादा वजनाच्या स्त्रियांतही घटले नाही. पानातून आलेले जास्त घेतल्याने बिघडत नाही, हे तिसरा प्रहर यांचे वाक्य मला म्हणूनच मान्य नाही.

मैत्रिणीने कॅप्सूल थांबवून एकदा यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, भूक अचानक जाणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि बाटली सोबत न्यावी.

तिसरा प्रहर :
मात्रेचा हा हिशोब मी केला नव्हता. कॅप्सूलबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो. जपानी चाचण्या मात्र मी अजून बाजूला ठेवणार नाही. तिथल्या लोकांच्या शरीरात कॅटेचिनचा परिणाम वेगळा होत असेल, हेही शक्य आहे.

दीपमाळ :
शक्य आहे, आणि त्यावर काम व्हायला हवे.

बकुळताई, तुमच्या काढ्यातून मी गुळवेल काढायला सांगेन. 2020 च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताला इजा झाल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले आणि नंतर देशातील तेरा केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची माहिती मांडली. त्यातील काहींना आधीपासून थायरॉइडसारखे स्वप्रतिकाराचे आजार होते, म्हणजे ज्या शक्तीला चेतवायचे तीच यकृतावर उलटली असावी.

ओवरी :
इथे मी सहमत नाही. तेव्हाच आयुष मंत्रालयाने प्रश्न उपस्थित केला होता की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात. बाजारातील चूर्णात दोन्हींची सरमिसळ होते, हे मी स्वतः पाहते.

दीपमाळ :
त्या 43 जणांच्या मालिकेत मिळालेल्या नमुन्यांची तपासणी झाली होती आणि त्यांत खरी गुळवेल ओळखली गेली होती. सर्व रुग्णांचे नमुने उपलब्ध नव्हते, हे मान्य आहे. आणि सरमिसळ होत असेल तर घरी उकळणाऱ्याने ती ओळखायची कशी?

ओवरी :
तो प्रश्न योग्य आहे. मी गुळवेल देते ती ठरावीक दिवसांपुरती, रुग्णाला स्वप्रतिकाराचा आजार नाही हे पाहून. सरसकट सर्वांना, चार-चार महिने, रोज सकाळी देणे शास्त्राला धरून नाही, याबाबत आपले दुमत नाही. माझ्या हाती त्या वनस्पतीने गुण दिलेला आहे आणि नीट निवडलेल्या रुग्णांवर तिची चाचणी व्हावी असे मला वाटते. तोवर मी ती देणे थांबवणार नाही.

बकुळ :
माझ्या सासूबाईंना हाशिमोटोचा, म्हणजे स्वप्रतिकाराचाच, थायरॉइड आहे आणि हा काढा त्या सर्वांत नियमाने घेतात. उद्यापासून त्यांच्या कपात गुळवेल राहणार नाही आणि या आठवड्यात त्यांचीही यकृताची तपासणी करून घेते. सुंठ, दालचिनी आणि तुळस त्यांना चालेल का?

ओवरी :
चालेल, पण थायरॉइडची गोळी आणि काढा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा. त्या दुसरी काही औषधे घेत असतील तर मिरीचे प्रमाण चिमटीपुरतेच ठेवा, कारण मिरीमुळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.