मदत हवी आहे: ऑडिटचा रिपोर्ट सभासदांना कळेल असा लिहायचाय

मुंबईतली आमची सोसायटी ३४ वर्षांची. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-२बी वर्ग आलाय, म्हणजे घरं रिकामी न करता मोठी दुरुस्ती. पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या खांबाबद्दल रिपोर्टात एवढंच आहे: "कव्हर स्पॉलिंग, हाफ-सेल −४१० मिलिव्होल्ट, पॉलिमर मॉर्टर." खालच्याच ओळीत जिन्याच्या प्लास्टरचे केसाएवढे तडे! साहजिकच लोकांना दोन्ही सारखंच वाटतं. एक काका तर म्हणाले, रंगाबरोबर उरकून टाकू.

मी खांबाचं असं लिहिलंय: "गंभीर. आतली सळई गंजून फुगली, म्हणून वरचं काँक्रीट सुटलं. सळईचा गंज तपासणाऱ्या हाफ-सेल चाचणीचं वाचन −३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलंय, म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. आधी टेकू, मगच तोडफोड. सळई मागूनही मोकळी करून घासायची, झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची, मग मॉर्टर. नुसतं प्लास्टर चालणार नाही."

अडलंय ते मुदतीवर. सळईची जाडी किती उरलीय हे रिपोर्टात नाहीच. मग सरळ "पावसाळ्याआधी" लिहू, की "टेकू याच आठवड्यात, बाकीची तारीख जाडी मोजल्यावर"? ऑडिटरकडून लेखी नेमकं काय मागून घ्यावं?