तीन सिग्नल, आठ कार्बन

> C8H10 च्या कार्बन एनएमआरमध्ये 20.9, 129.0 आणि 134.7 एवढे तीनच सिग्नल आहेत. बाकीचे पाच कार्बन गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत, एकमेकांवर बसलेत. सममितीने एकमेकांच्या जागी जाणाऱ्या कार्बनांचा परिसर सारखाच असतो, म्हणून त्यांचा सिग्नल एकच येतो.

सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना मी आधी पॅरा-झायलीन काढायला लावते. दोन्ही मिथिलमधून एक उभी रेघ मारा. डावीकडचे दोन CH उजवीकडच्या दोघांवर बसतात. आता रिंगच्या मधोमध आडवी रेघ मारा. वरचा मिथिल खालच्यावर, वरचा मिथिल धरणारा कार्बन खालच्यावर, आणि चारही CH एक होतात. म्हणजे 20.9 ला दोन CH3, 129.0 ला चार CH, 134.7 ला हायड्रोजन नसलेले दोन कार्बन. झाले आठ.

ऑर्थोमध्ये एकच रेघ जमते, तीही कोणत्याच कार्बनातून जात नाही. म्हणून चार जोड्या, चार सिग्नल. मेटामध्येही रेघ एकच, पण ती रिंगच्या दोन कार्बनांमधून जाते. ते दोघे एकटे राहतात, म्हणून पाच. एथिलबेंझीनचे सहा. तेव्हा तुमचं संयुग पॅरा-झायलीनच.

उंचीवरून मात्र कार्बन मोजू नका. 134.7 चा सिग्नल बुटका दिसेल, कारण हायड्रोजन नसलेला कार्बन सावकाश रिलॅक्स होतो. 77 च्या आसपासच्या तीन रेघा CDCl3 च्या, त्या सोडून द्या. आणि मोठ्या रेणूत सममिती नसतानाही दोन सिग्नल योगायोगाने एकावर एक येतात, तेव्हा नुसत्या संख्येवर रचना ठरवू नका.