मदत हवी आहे: ऊनही पश्चिमेचं आणि वाराही पश्चिमेचाच, सन पाथ आणि विंड रोज एकत्र कसे वाचायचे?

ओसरी:
नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे पण हे कॉलेजचं काम नाही, काकांचं खरं घर होणार आहे पिरंगुटच्या बाजूला. प्लॉट ४० बाय ६० फूट, लांब बाजू पूर्व-पश्चिम, रस्ता पूर्वेला आणि पश्चिमेला टेकडी. प्लॅनला हात लावायच्या आधी पुण्याची ईपीडब्ल्यू फाइल घेऊन सन पाथ आणि विंड रोज काढलेत. विंड रोजमध्ये सगळ्यात लांब पाकळ्या पश्चिमेच्या बाजूच्या, आणि सन पाथ सांगतोय की दुपारनंतरचं सगळं ऊन तिथूनच. म्हणजे वारा हवा तर ऊन घ्या, ऊन नको तर वारा सोडा, असं होतंय. काकूंना एसी नकोय, त्यामुळे हे नीट सुटायला हवं. तुम्ही लोक अशा वेळी काय करता?

रेती_सिमेंट:
एवढं अवघड नाहीये. एक लक्षात ठेवा, पाकळी ज्या दिशेला तिकडून वारा येतो, तिकडे जातो असं नाही, बरेच जण इथेच उलटं वाचतात. बाकी पश्चिम बंद करून टाका, जिना टॉयलेट सगळं तिकडे. दक्षिणेला ऊन फार म्हणून खिडक्या कमी. उत्तरेला ऊन येतच नाही, तिकडे बिनधास्त मोठ्या खिडक्या, छज्जासुद्धा लागणार नाही.

मृणाल_ठाणे:
आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला, जुलैमध्ये पाऊस आडवा थेट हॉलमध्ये येतो, सोफा भिजतो. काच लावून बंद करावी का? सोसायटी परवानगी देत नाहीये.

ओसरी:
मृणालताई, सोसायटीचं मला खरंच माहीत नाही, वेगळा धागा काढाल का? पण पावसाचा मुद्दा माझ्याही कामाचा आहे, तो मी धरला नव्हता.

चुनागच्ची:
पाकळीचं रेती_सिमेंट यांनी बरोबर सांगितलं, उत्तर-दक्षिणेचं मात्र पटत नाही. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, मार्चअखेर ७५ च्या आसपास, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर भर दुपारी तो डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाकला की उन्हाळ्यात दुपारचं ऊन आत येतच नाही आणि थंडीत हवं तेवढं येतं. दक्षिण ही आपल्याकडे सांभाळायला सगळ्यात सोपी बाजू आहे, तिला घाबरून लोक उगाच घर अंधारं करतात.

पश्चिमेचं गणित वेगळं. १५ एप्रिलला घड्याळात चार वाजता सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, ३९ अंशांवर. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली खाली कितीशी पडणार, दीड फुटाच्या थोडी वर. पाच वाजता सूर्य २५ अंशांवर येतो, सावली फुटापेक्षा कमी. चार फुटांच्या खिडकीचा उरलेला भाग उघडाच. म्हणून पश्चिमेला छज्जा वाढवत बसू नका, तिथे उभं काहीतरी हवं, जाळी, फिन किंवा झाड.

हाताने काढलेल्या सन पाथवर वेळ सूर्याची असते, घड्याळाची नाही. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे असतं, आकृतीतले तीन म्हणजे आपले साडेतीनच्या पुढे, हे धरलं नाही तर उन्हाचा शेवटचा अर्धा तास सुटतो. सॉफ्टवेअरमध्ये टाइमझोन +5:30 बरोबर टाकला असेल तर प्रश्न नाही.

आणि विंड रोज वर्षभराचा एकच काढला असेल तर तो बाजूला ठेवा. त्यात पावसाळ्याचा जोरदार वारा बाकी सगळ्याला झाकून टाकतो, आणि मृणालताईंचा सोफा भिजवणारा वारा तोच. तुम्हाला वारा हवाय मार्च ते मे, दुपारी तीन ते रात्री दहा. तेवढेच तास गाळून पुन्हा काढा, थंडीतल्या पहाटेचा वेगळा काढा, आणि मधल्या गोलात शांत वाऱ्याचे टक्के किती लिहिलेत ते आधी वाचा.

ओसरी:
काढले. मार्च ते मे संध्याकाळी पश्चिम आणि वायव्य, दोन्ही पाकळ्या चांगल्या लांब. थंडीतल्या पहाटे वारा बहुतेक नाहीच, जो आहे त्यात पूर्वेचा भाग दिसतो. टेकडीचा माथा प्लॉटवर उभं राहून मोबाइलच्या अँगल ॲपने मोजला, १२ अंश येतो, तो सन पाथवर आडवा काढला तर एप्रिलमध्ये सहाच्या सुमारास सूर्य टेकडीआड जातोय, म्हणजे जवळपास तासभर आधी. पण चार ते सहाचं ऊन राहतंच. मग वारा आत घ्यायचा कुठून?

चुनागच्ची:
वारा खिडकीवर काटकोनातच यायला हवा असं काही नाही, ऊन सरळ रेषेत येतं पण वारा वळवता येतो, आणि तुमची सुटका इथेच आहे. लांब भिंत उत्तरेला आहे ना, वायव्येचा वारा तिला तिरका घासून जाणार. त्या भिंतीत एकाच खोलीला दोन खिडक्या द्या, मध्ये अंतर ठेवून. पश्चिमेकडच्या खिडकीच्या पूर्वेच्या कडेला उभी फिन बाहेर काढा, वारा तिला अडतो आणि आत शिरतो. पूर्वेकडच्या खिडकीला फिन पश्चिमेच्या कडेला, तिथे ओढ तयार होते आणि हवा बाहेर जाते. वारा तिरका असेल तरच हे चालतं, अगदी समोरून आला तर दोन्ही खिडक्यांवर दाब सारखाच.

आता ऊन. मेच्या मध्यावर साडेपाचला सूर्य पश्चिमेपासून १४ अंश उत्तरेला सरकलेला असतो, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतंच, फक्त घासून येतं. पश्चिम कडेला एक फुटाची फिन असेल तर चार फूट रुंद खिडकी पूर्ण सावलीत जाते. दुसऱ्या खिडकीला हे आयतं मिळतं. पहिलीला तशी फिन दिलीत तर वाराच अडेल, म्हणून ती अरुंद ठेवा आणि आतून लाकडी लूव्हर द्या. पश्चिमेच्या भिंतीत काही नको, फार तर वर छोटा झरोका, तोही पावसाचा झोत लक्षात घेऊन.

रेती_सिमेंट:
उत्तरेच्या उन्हाचं मान्य, साइटवर मे महिन्यात पाहिलंय, लक्षात आलं नव्हतं. पण टेकडी मध्ये असताना पश्चिमेचा वारा येणारच नाही ना, मग एवढी फिन बिन कशाला?

कातळ_भोर:
माझं घर अशाच टेकडीच्या पायथ्याशी आहे. दुपारी वारा पडलेला असतो किंवा भलत्याच बाजूने फिरून येतो हे खरं, पण रात्री उशिरा उतारावरून गार हवा खाली येते आणि ती फार बरी वाटते. विमानतळाच्या डेटात हे दिसणार नाही.

चुनागच्ची:
बरोबर, लोहगाव तिथून पंचवीसेक किलोमीटर, मोकळं पठार, आणि मोजमाप दहा मीटर उंचीवरचं. सूर्याचं गणित तुमच्या प्लॉटला जसंच्या तसं लागू पडतं, वाऱ्याचं पडत नाही. १२ अंशांच्या टेकडीमागे वारा पूर्ण अडतो की वरून येऊन उलटा फिरतो, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तिचा उतार किती तीव्र आहे आणि प्लॉट पायथ्यापासून किती लांब आहे यावर ते ठरेल. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर बांबूला हलकी रिबीन बांधा, एक जमिनीपासून पाच फुटांवर आणि एक पंधरावर, आणि मार्चपासून दुपारी चार, संध्याकाळी सात, रात्री दहा असं नोंदवत जा.

ओसरी:
पाया दिवाळीनंतर आहे, म्हणजे उन्हाळा हातात आहे. प्लॉटशेजारी एक काका राहतात, ते नोंदी ठेवायला तयार झालेत. तोवर उत्तरेच्या भिंतीचं फिनसकट स्केच इथे टाकते. एक शंका राहिली, रिबीन वर पश्चिमेचा वारा दाखवतेय आणि खाली उलट दिशेचा, असं निघालं तर खिडकीची फिन कुठल्या वाऱ्याच्या हिशोबाने ठेवायची?