वेटिंग आणि रिस्पॉन्स: दोन रकाने की एकच आकडा दोनदा?

शेवटचा_बाक

शेड्युलिंगच्या गणितात टर्नअराउंड, वेटिंग, रिस्पॉन्स असे तीन रकाने भरायला लावतात. माझं म्हणणं, रिस्पॉन्सचा रकाना फुकटचा आहे. सीपीयू मिळेपर्यंत थांबणं म्हणजेच वेटिंग, मग त्याला दुसरं नाव कशाला? आतापर्यंत सोडवलेल्या गणितांत दोन्ही आकडे कायम सारखेच आले. परवा चाचणीत तेच गृहीत धरलं आणि अर्धे गुण गेले. तक्ता हा होता, राउंड रॉबिन, क्वांटम २. पटत नसेल त्यांनी याच तक्त्यावर दाखवा.

```
प्रोसेस   आगमन   बर्स्ट
P1        ०       ५
P2        १       ३
P3        २       १
```

जुना_खिळा

आतापर्यंतची गणितं एफसीएफएसची असणार, पैज लावतो. तिथे प्रोसेस एकदा सीपीयूवर चढली की संपेपर्यंत उतरत नाही. जी काही वाट पाहायची ती पहिल्या पाळीच्या आधीच पाहून होते, म्हणून दोन्ही रकाने जुळतात. राउंड रॉबिनमध्ये अर्ध्यावरून उठवतात. उठवल्यावर पुन्हा रांगेत काढलेला वेळ वेटिंगमध्ये मोजला जातो. रिस्पॉन्सचं घड्याळ मात्र पहिल्यांदा सीपीयू मिळाला त्याच क्षणी बंद झालेलं असतं.

```
| P1 | P2 | P3 | P1 | P2 | P1 |
०    २    ४    ५    ७    ८    ९
```

एकट्या P2 कडे बघा. ती १ ला आली आणि २ ला तिला सीपीयू मिळाला, म्हणून रिस्पॉन्स १. ४ ला क्वांटम संपला, तेव्हा तिचं एक एकक काम बाकी होतं. मग ती रांगेच्या शेवटी गेली आणि पुढची पाळी थेट ७ ला आली. म्हणजे आणखी ३ एककं थांबली. वेटिंग १ + ३ = ४. ती ८ ला संपली, आली होती १ ला, टर्नअराउंड ७. त्यातून स्वतःच्या कामाचे ३ वजा केले की ४ उरतात, म्हणजे ताळा बसला.

P1 तर याहून बोलकी आहे. येताक्षणीच सीपीयू मिळाला म्हणून रिस्पॉन्स ०, पण २ ते ५ आणि ७ ते ८ अशी दोनदा ताटकळली, वेटिंग ४. शून्य आणि चार यांना एकच नाव कसं देणार?

घाईतला

एवढ्या पाळ्या मोजत बसायचं कशाला? वेटिंग म्हणजे टर्नअराउंड वजा बर्स्ट, हे सगळीकडे चालतं. गँट चार्टवरून फक्त संपण्याची वेळ उचलायची आणि मोकळं व्हायचं. रिस्पॉन्सपुरती पहिली पाळी बघायची.

जुना_खिळा

या तक्त्यावर चालतं. "सगळीकडे" म्हणू नका. समजा मशीनवर एकच प्रोसेस आहे. २ एककं सीपीयू वापरला, ४ एककं डिस्कची वाट पाहिली, परत १ एकक सीपीयू. टर्नअराउंड ७, सीपीयूचं काम ३. तुमच्या सूत्राने वेटिंग ४ येईल. पण रांगेत दुसरं कुणी नव्हतंच, मग ती वाट पाहत होती कुणाची? रेडी क्यूमधला वेळ शून्य आहे. ते ४ आयओचे, तेही वजा करावे लागतात.

आयओ आला की एफसीएफएसमध्येही वेटिंग आणि रिस्पॉन्स वेगळे पडू शकतात, कारण डिस्कवरून परतलेली प्रोसेस पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहते.

सर्व्हरवाला

चर्चा वाचून हसू आलं. आमच्याकडे रात्रंदिवस रिस्पॉन्स टाइमचे आलेख बघतो आम्ही. विनंती आली तिथपासून पूर्ण उत्तर परत गेलं तिथपर्यंतचा वेळ, तो रिस्पॉन्स टाइम. त्या हिशेबाने P2 चा रिस्पॉन्स ७. "पहिल्यांदा सीपीयू मिळाला" याला आमच्याकडे कुणी विचारत नाही. ग्राहकाला उत्तर हवं असतं, काम सुरू झाल्याची बातमी नको असते. पुस्तकी व्याख्याच चुकीची आहे.

शेवटचा_बाक

बघा! म्हणजे आता वेटिंग नाही तर टर्नअराउंडशी जुळतोय. रकाना फालतू आहे हेच सिद्ध झालं.

जुना_खिळा

नाही हो, शब्द एक आणि मोजमापं दोन, इतकंच सिद्ध झालं. सर्व्हरवाले म्हणतात ते त्यांच्या जागी बरोबर आहे. रिअल टाइम सिस्टिमवालेसुद्धा काम सुटल्यापासून संपेपर्यंतच्या वेळालाच रिस्पॉन्स टाइम म्हणतात, कारण त्यांना तो डेडलाइनशी ताडून पाहायचा असतो. टाइमशेअरिंगचा रिस्पॉन्स वेगळ्या गरजेतून आला. टर्मिनलसमोर माणूस बसलाय, कळ दाबल्यावर काहीतरी हललं पाहिजे. पूर्ण काम पाच मिनिटांनी झालं तरी त्याची तक्रार नसते. सर्व्हरवाले, तुमच्याकडे पहिला बाइट यायला लागलेला वेळ वेगळा मोजतात ना? या तक्त्यातल्या रिस्पॉन्सचा जवळचा भाऊ तो आहे.

सर्व्हरवाला

मोजतो खरा. पण पहिला बाइट म्हणजे काहीतरी बाहेर आलं. सीपीयू मिळणं म्हणजे काही बाहेर येणं नव्हे. P1 ने शून्याला सीपीयू घेतला आणि पहिलं अक्षर नवव्या एककाला छापलं, तर रिस्पॉन्स शून्य म्हणणार?

जुना_खिळा

हा मुद्दा मान्य. व्याख्या पहिल्या प्रतिसादाची आहे आणि गणितात त्याऐवजी पहिली पाळी धरतात, कारण प्रोसेस कधी छापते हे तक्त्यात नसतंच. बर्स्टचा एकच आकडा हाती असताना याहून पुढे जाता येत नाही.

घाईतला

आयओचं पटलं. पण मग खऱ्या मशीनवर वेटिंग मोजणं सोपंच झालं की. `time` लावायचं, `real` मधून `user` आणि `sys` वजा करायचे.

जुना_खिळा

परत तोच खड्डा. हे चालवून बघा:

```
$ time sleep 5
real    0m5.003s
user    0m0.001s
sys     0m0.002s
```

वजाबाकी पाच सेकंदांची येते, पण त्या पाच सेकंदांत प्रोसेस झोपली होती. मशीन पूर्ण रिकामं असतं तरी पाचच आले असते. वर, कामाला चार थ्रेड लावलेत तर `user` हा `real` पेक्षा मोठा होऊन वजाबाकी ऋण येईल. लिनक्सवर `/proc/<pid>/schedstat` उघडा. त्यातला पहिला आकडा सीपीयूवर घालवलेला वेळ आणि दुसरा रनक्यूमध्ये थांबलेला, दोन्ही नॅनोसेकंदांत. तक्त्यातलं वेटिंग ते दुसऱ्या आकड्यात आहे.

शेवटचा_बाक

बरं, रकाने वेगळे हे एकवेळ मानतो. पण आत्ता हाच तक्ता एफसीएफएसने सोडवला. P1 ० ते ५, P2 ५ ते ८, P3 ८ ते ९. वेटिंग ०, ४, ६, सरासरी ३.३३. राउंड रॉबिनमध्ये ४, ४, २, सरासरी परत ३.३३! टर्नअराउंडची सरासरीही दोन्हीकडे ६.३३. एवढी उठाबस करून मिळालं काय?

जुना_खिळा

आता ज्या रकान्याला फुकटचा म्हणत होतात तो भरा. एफसीएफएसमध्ये रिस्पॉन्स ०, ४, ६, सरासरी ३.३३. राउंड रॉबिनमध्ये ०, १, २, सरासरी १. बाकीच्या दोन सरासऱ्या पाहून दोन्ही पद्धती सारख्याच वाटतात. फरक आहे तो नेमका या रकान्यात.

आणि ही बरोबरी या तक्त्याचा योगायोग आहे, नियम नव्हे. तिन्ही प्रोसेस सारख्या लांबीच्या असत्या तर राउंड रॉबिनचं सरासरी टर्नअराउंड एफसीएफएसपेक्षा सहसा वाईटच निघतं, कारण सगळ्याच शेवटाकडे ढकलल्या जातात.

खडूफळा

मी हा विषय शिकवते. जुना_खिळा यांनी एक गोष्ट न सांगता गृहीत धरली आहे, तीही नोंदवायला हवी. वेळ २ ला दोन घटना एकदम होतात: P3 येते आणि P1 चा क्वांटम संपतो. रांगेत आधी कोण? त्यांनी P3 ला आधी घेतलं. P1 ला आधी घेतलं तर असं होतं:

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P1 |
०    २    ४    ६    ७    ८    ९
```

P1 अजूनही ९ ला आणि P2 ८ ला संपते, त्यांच्या आकड्यांना धक्का नाही. पण P3 चं काम ५ ऐवजी ७ ला संपतं. तिचा रिस्पॉन्स २ चा ४, वेटिंग २ चं ४, टर्नअराउंड ३ चं ५. सरासरी वेटिंग ३.३३ वरून ४ झालं, म्हणजे एफसीएफएसपेक्षाही वाईट. आणि "दोन्हीची सरासरी सारखी" हा शोध जागीच विरघळला.

जुना_खिळा

बरोबर पकडलंत. तरी नव्याने आलेल्याला आधी घेणं हाच बहुतेकांचा संकेत आहे, आणि मला तो पटतो. P1 ने नुकताच सीपीयू वापरलाय, P3 ला अजून एकदाही मिळालेला नाही.

खडूफळा

संकेत आहे, नियम नाही. अंमलबजावणीत टाइमरचा इंटरप्ट आधी हाताळला जातो की नव्या प्रोसेसची नोंद, यावर ते ठरतं, न्यायाच्या भावनेवर नाही. माझ्या वर्गात दोन्ही उत्तरं चालतात, फक्त गँट चार्टच्या वर एक ओळ लिहायची की बरोबरीत कुणाला आधी घेतलं.

घाईतला

प्रत्येक परीक्षक तुमच्यासारखा नसतो. उत्तरसूचीत एकच आकडा छापलेला असतो.

शेवटचा_बाक

माझ्या पेपरात ती ओळ नव्हती, प्रश्नातही नव्हती. उत्तरपत्रिका परत काढून बघितली. P1 आणि P2 दोघींचा रिस्पॉन्स ४ लिहिलाय, ते गेलेच. P3 चं मात्र वेटिंग ४ आणि रिस्पॉन्सही ४ लिहिलाय आणि दोन्हींवर फुली आहे. खडूफळा यांच्या दुसऱ्या चार्टप्रमाणे ते बरोबर निघतात ना?

खडूफळा

निघतात, जर चार्टही तसाच काढला असेल तर. चार्ट कसा काढलाय?

शेवटचा_बाक

तसाच. ४ ते ६ मध्ये P1 आहे. उद्या घेऊन जातो.