प्रति: स्टेजवर जाण्याआधी तोंड कोरडं का पडतं?

> "घटाघट पाणी पिऊनही जीभ टाळूला चिकटते, वर पोटात ढवळतं. असं का?"

कारण पाणी कमी पडलेलं नसतं. पातळ लाळ सुटते ती मेंदूकडून लाळग्रंथींना येणाऱ्या, निवांतपणी चालणाऱ्या नसांच्या आज्ञेवर. भीती वाटली की मेंदू ती आज्ञाच आवरती घेतो. मग उरते ती थोडीशी, चिकट लाळ. म्हणून पाणी प्यायलं की घोटभर बरं वाटतं, पुन्हा तेच.

पोटाचंही तसंच. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १८९०च्या दशकात क्ष-किरणांखाली मांजराचं जठर पाहिलं. मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू. गंमत म्हणजे भीतीत मोठं आतडं मात्र जोरात चालतं, त्यामुळे ऐनवेळी संडासला पळावं लागतं!

मी एकदा निवेदनाआधी दोन बटाटेवडे हाणले होते. तासाभराने माइकसमोर तेच वडे ढेकरांतून वर येत होते. आता दोन तास आधी हलकंसं खातो आणि विंगेत लिंबाची फोड चोखतो. आंबट चवीने लाळ सुटते, भीती असली तरी थोडीफार. पण एरवीही तोंड कोरडं राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनीही तसं होतं.